'गणपतीनंतर' म्हणजे नक्की कधी?

दादरला आमचं एक छोटं ऑफिस आहे. दीड खोली आणि कागदांनी भरलेला पोटमाळा. वर्षातून एक दिवाळी अंक काढतो आणि उरलेले महिने त्याची वसुली करतो. मी कार्यकारी संपादक. जाहिराती, लेखक, प्रूफं आणि छापखाना या चौघांमधली दोरी ज्याच्या हातात असते त्या सहकाऱ्याला आम्ही सगळे भाऊ म्हणतो. हे प्रकरण भाऊच्या रजेचं, खरं म्हणजे रजेवर जाताना त्याने लावून ठेवलेल्या चार ओळींचं आहे.

2025 साली गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला, बुधवारी होती. भाऊ मूळचा कुडाळकडचा. गणपतीला गावी न जाणारा कोकणी माणूस मी पाहिलेला नाही, त्यामुळे रजेबद्दल तक्रार नव्हती आणि आजही नाही. मात्र दिवाळी अंकाच्या दृष्टीने हे दिवस फार नाजूक असतात. पहिले फर्मे छपाईला जायच्या बेतात असतात, कव्हरवरच्या जाहिराती ठरत असतात आणि लेखक प्रूफात शेवटचे बदल सुचवत असतात. भाऊ 25 तारखेला संध्याकाळी निघाला. निघण्याआधी फोनवरूनच त्याने जीमेलवर, रजेत येणाऱ्या मेलना आपोआप जाणारं हे उत्तर लावलं:

> नमस्कार,
> आपला मेल मिळाला. मी सध्या गणपतीनिमित्त गावी असल्याने मेल नियमित पाहू शकणार नाही. गणपतीनंतर परत आल्यावर आपल्याला लवकरात लवकर उत्तर देईन. तातडीचे काही असल्यास कृपया ऑफिसशी संपर्क साधावा.
> गणपती बाप्पा मोरया!

वाचायला गोड आहे. मीही तेव्हा वाचलं असतं तर काही बोलले नसते.

भाऊ 3 सप्टेंबरला कामावर आला आणि आल्याआल्या छापखान्याला फोन केला. छापखान्याने पहिल्या तीन फर्म्यांच्या पीडीएफ 26 तारखेलाच पाठवल्या होत्या. एका फर्म्यात सोळा पानं, म्हणजे अठ्ठेचाळीस पानांना कोणीतरी ओके द्यायचं होतं. तो ओके आला नाही, म्हणून छापखान्याने मशीन दुसऱ्या कामाला दिलं होतं आणि आता 8 तारखेच्या आत ते रिकामं होणार नव्हतं. "पण मी तर आज येणारच होतो," भाऊ म्हणाला. पलीकडून उत्तर आलं, "तुम्हीच लिहिलंत ना, गणपतीनंतर. आमच्या मंडळाचा गणपती सहाला विसर्जन."

सगळ्या घोळाचं मूळ या एका वाक्यात आहे. भाऊच्या घरी गणपती गौरीबरोबर जातात, म्हणून त्याच्या मनातलं 'गणपतीनंतर' 2 सप्टेंबरच्या विसर्जनानंतरचं होतं. छापखान्याचा मालक गिरगावातल्या मंडळाचा कार्यकर्ता. त्याचे गणपती अनंत चतुर्दशीपर्यंत, म्हणजे शनिवार 6 सप्टेंबरपर्यंत, आणि मध्ये रविवार धरला की त्याच्या हिशेबात भाऊ सोमवारी 8 ला उगवणार. माझ्या घरी दीड दिवसाचा असतो, म्हणून मी 28 ला संध्याकाळीच भाऊच्या मेलची वाट बघायला लागले होते. पाच दिवसांचा गणपती बसवणारा 31 धरून चालला असता. चार घरं, चार तारखा, आणि एकानेही चूक केलेली नाही. ज्याने त्याने आपापल्या घरचा गणपती मोजला, एवढंच.

दुसरं नुकसान जास्त लागलं. मुंबईतल्या एका कापड दुकानदाराला मलपृष्ठ हवं होतं. आमच्याकडे जाहिरात द्यायची त्याची पहिलीच वेळ. 29 ऑगस्टला, शुक्रवारी त्याने भाऊला मेल करून विचारलं होतं की मलपृष्ठ मोकळं आहे का, आणि दर काय. त्याला काहीच उत्तर गेलं नाही. 'गणपतीनंतर'वालं सुद्धा नाही. सोमवारी त्याने ती जाहिरात दुसऱ्या अंकाला देऊन टाकली. मलपृष्ठ हे अंकातलं सगळ्यात महाग पान असतं. ते गेलं की आतली पंधरावीस छोट्या जाहिरातींची पट्टी भरूनही खड्डा बुजत नाही.

त्याला उत्तर का गेलं नाही, हे शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. जीमेलच्या `Vacation responder` मध्ये खाली एक चौकोन असतो: `Only send a response to people in my Contacts`. तो टिक केला असेल तर तुमच्या संपर्क यादीत असलेल्यांनाच उत्तर जातं. भाऊने मागे कधीतरी फालतू मेलांना कंटाळून तो टिक केला होता आणि विसरून गेला होता. म्हणजे ओळखीच्यांना, जे फोन करून विचारू शकले असते, त्यांना उत्तर मिळत होतं. आणि ज्याच्याकडे भाऊचा नंबरही नाही अशा नव्या गिऱ्हाइकाला शांतता. स्पॅममध्ये पडलेल्या मेलना आणि मेलिंग लिस्टवरून आलेल्या पत्रांना जीमेल तसंही हे उत्तर पाठवत नाही. त्यामुळे ज्या भीतीपोटी तो चौकोन टिक केला होता, ती बरीचशी निराधार होती.

त्याच खिडकीत आणखी एक गोष्ट सापडली. `Last day` च्या पुढची तारीख भरलेलीच नव्हती. ती भरली नाही तर उत्तर आपोआप थांबत नाही, हाताने बंद करावं लागतं. जीमेल ब्राउझरमध्ये उघडलं तर वर एक पट्टी दिसते आणि तिच्यात `End now` असतं, पण भाऊचा सगळा कारभार फोनवर. परिणाम असा की 3 तारखेला तो खुर्चीवर बसून मेलना उत्तरं देत होता आणि त्याचा डबा त्याच वेळी लोकांना कळवत होता की साहेब गावी आहेत. एका लेखिकेला सकाळी 'गणपतीनंतर' मिळालं आणि दुपारी भाऊचं खरं उत्तर. तिने मला फोन करून विचारलं, "तुमच्याकडे दोन भाऊ आहेत का?"

आता उरली शेवटची ओळ: 'ऑफिसशी संपर्क साधावा'. कोणत्या नंबरवर? कोणाशी? मेलखाली नंबर नव्हता. छापखान्याकडे लँडलाइनचा नंबर होता आणि त्याने 27 ला फिरवलाही. पण त्या दिवशी ऑफिसला सुट्टी. 28 ला हिशेब बघणाऱ्या काकू आल्या होत्या. त्यांनी फोन घेतला, "भाऊ नाहीत" म्हणाल्या आणि ठेवला. काकूंना दोष देता येत नाही. भाऊच्या पश्चात फोन आपल्याकडे वळवला आहे, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. मी दोन टेबलांपलीकडे बसले होते आणि तीन फर्म्यांना ओके देणं मला दहा मिनिटांचं काम होतं.

त्याच आठवड्यात आम्ही तिघं चहा घेऊन बसलो आणि ते उत्तर नव्याने लिहायला घेतलं. मी एक आग्रह धरला: आधी मजकूर लिहायचा नाही, आधी त्या आठ दिवसांतले मेल वाचायचे. प्रत्येक मेलसमोर एवढंच लिहायचं की हा माणूस कशासाठी थांबला होता. बहुतेक मेल कशासाठीच थांबलेले नव्हते. जे खरोखर अडकले होते ते तीनच प्रकारचे निघाले. जाहिरातीची जागा आणि दर विचारणारे, प्रूफाला किंवा फर्म्याला ओके मागणारे, आणि 'माझा लेख पोचला का' असं विचारणारे. पहिल्या दोघांना भाऊशिवाय दुसरा माणूस हवा होता. तिसऱ्यांना फक्त तारीख हवी होती, म्हणजे ते धीर धरून बसले असते.

भाऊने पहिला खर्डा केला तो असा: 'मी दि. 26/08 ते 02/09 पर्यंत रजेवर असून 03/09 रोजी रुजू होईन. तातडीच्या कामासाठी खालील चार क्रमांकांपैकी कुठेही संपर्क साधावा.' पुढे चार नावं, त्यात माझं, काकूंचं, मांडणी करणाऱ्या मुलाचं आणि खुद्द भाऊचं, गावच्या नंबरासकट.

तारीख आली हे चांगलंच, पण ती आकड्यांत आली. आमचे दोन लेखक अमेरिकेत राहतात आणि तिथे महिना आधी लिहितात; 03/09 म्हणजे त्यांच्याकडे 9 मार्च. महिना अक्षरात लिहिला की हा प्रश्नच मिटतो. शिवाय वार लिहायचा. वार आणि तारीख जुळत नसेल तर चूक लगेच दिसते, आणि मुंबईतला माणूस आठवडा वारांनीच मोजतो. '02/09 पर्यंत' मध्येही मेख आहे. दोन तारीख धरून की सोडून? मराठीत 'पर्यंत' दोन्हीकडे झुकतं. दुकानदार सेलच्या पाटीवर 'रविवारपर्यंत' लिहितो तेव्हा रविवार धरलेला असतो. आणि 'मी रविवारपर्यंत येतो' म्हणणारा पाहुणा शुक्रवारीही येऊ शकतो. म्हणून रजा कधी संपते ते लिहायचंच नाही असं ठरवलं. वाचणाऱ्याला रजेशी देणंघेणं नाही, माणूस पुन्हा कधी भेटेल तेवढं त्याला पुरे.

पण येण्याची तारीख आणि उत्तर देण्याची तारीख वेगळी, हे भाऊनेच लक्षात आणून दिलं. "ताई, तीन तारखेला मी आलो तरी तुंबलेले मेल काढायलाच दिवस जातो. लोक तीनला सकाळी अकराला फोन करतील." बरोबर होतं. 'लवकरात लवकर' या शब्दांच्या जागी आम्ही दुसरी तारीख घातली.

चार नंबरांवर मात्र वाद झाला. भाऊचं म्हणणं, जितके जास्त तितकं बरं, कोणीतरी उचलेल. माझा अनुभव उलटा आहे. चार नंबर दिले की विचारणारा पहिल्याला फोन करतो, तो उचलत नाही, दुसरा म्हणतो हे माझं काम नाही, आणि तिसऱ्यापर्यंत कोणी जातच नाही. उचलणाऱ्यालाही वाटतं, बाकीचे तिघं आहेत. त्यापेक्षा एका कामाला एक माणूस. जाहिरातीची चौकशी काकूंकडे, कारण दरपत्रक त्यांच्याकडेच असतं. प्रूफ आणि फर्मे माझ्याकडे. भाऊचा गावचा नंबर तर काढूनच टाकला. त्याच्या घरी रेंज आंब्याच्या झाडाखाली एकच कांडी येते, आणि रजेवरच्या माणसाचा नंबर उत्तरात दिला तर मग उत्तर लावलंच कशाला?

'तातडीचे' हा शब्दही गेला. एका ज्येष्ठ लेखकांना अनुस्वार राहिला तरी ते तातडीचं असतं, आणि नवखा जाहिरातदार बिचारा मलपृष्ठ चाललं तरी 'एवढ्यासाठी कशाला त्रास द्या' म्हणून गप्प बसतो. तातडी कोणाची हे वाचणाऱ्यावर सोडण्यापेक्षा कामाचं नाव लिहिलेलं बरं.

काकूंनी एक अट घातली, आणि ती रास्त होती. त्यांचा स्वतःचा मोबाइल नंबर द्यायचा नाही. हे उत्तर कोणालाही जाणार, चौकोनातली टिक आता काढलेली. म्हणून जाहिरातींसाठी ऑफिसचा मेल पत्ता आणि लँडलाइन, तीही वेळ लिहून. आणि 'गावी' हा शब्द वगळला. डोंबिवलीतलं घर आठ दिवस बंद आहे हे अनोळखी माणसाला कळवायची गरज नाही.

शेवटी जे ठरलं ते असं. नावं आणि नंबर इथे गाळले आहेत, आणि तारखा मुद्दाम त्याच गणपतीच्या ठेवल्या आहेत, म्हणजे जुन्याशी ताडून पाहता येईल:

> विषय: रजेवर आहे, बुधवार 3 सप्टेंबरला कामावर
>
> नमस्कार,
> मी बुधवार, 3 सप्टेंबर 2025 रोजी सकाळी 11 वाजता कामावर येईन. आपल्या मेलला गुरुवार, 4 सप्टेंबर संध्याकाळपर्यंत उत्तर देईन. तोवर मी मेल पाहणार नाही.
>
> जाहिरातीची जागा किंवा दर: श्रीमती –––, ऑफिसचा मेल पत्ता –––, फोन ––– (28 ऑगस्टपासून, सोमवार ते शनिवार, 11 ते 6)
> प्रूफ किंवा फर्म्याला ओके: कार्यकारी संपादक –––, मेल –––
> लेख पाठवला असेल तर तो सुरक्षित आहे, पोच 4 तारखेला मिळेल.

'तोवर मी मेल पाहणार नाही' हे वाक्य भाऊला उद्धट वाटत होतं. त्याला 'नियमित पाहू शकणार नाही' हवं होतं. पण त्या 'नियमित'मुळेच माणसं आशेवर राहतात. अधूनमधून तरी बघेल, असं वाटून छापखान्याने 28 आणि 29 ला पुन्हा मेल केले होते. त्या दोन मेलना तर स्वयंचलित उत्तरही गेलं नाही, कारण तोच माणूस पुन्हापुन्हा लिहीत असेल तर जीमेल चार दिवसांतून एकदाच उत्तर पाठवतं. आउटलुक त्याहून कंजूष आहे. ते चालू असेपर्यंत एका माणसाला एकदाच. छापखान्याला वाटलं, दुसऱ्या मेलला उत्तर आलं नाही म्हणजे भाऊ परतला असावा आणि बघत असावा. म्हणून जे सांगायचं ते पहिल्याच उत्तरात पुरतं सांगितलं पाहिजे, आणि विषयाच्या ओळीत तारीख असली पाहिजे, कारण फोनवर बरेच लोक तेवढंच वाचतात.

आमचं 'बाप्पा मोरया' मात्र गेलं. भाऊ अजून त्याबद्दल कुरकुरतो.

सेटिंग भरताना एक घसरण्याची जागा आहे. `First day` ला उत्तर रात्री बारापासून सुरू होतं आणि `Last day` ला रात्री 11:59 ला थांबतं. म्हणून `Last day` मध्ये परतायची तारीख भरायची नाही, रजेचा शेवटचा दिवस भरायचा. इथे 2 सप्टेंबर. 3 भरलं तर तो पूर्ण दिवस पुन्हा दोन भाऊंचा खेळ. आणि चाचणी घेताना संपर्क यादीत नसलेल्या पत्त्यावरून मेल करायचा. काकूंनी स्वतःच्या पत्त्यावरून दोनदा मेल केला. पहिल्यांदा उत्तर आलं, दुसऱ्यांदा नाही, आणि त्यांनी जाहीर केलं की यंत्रणा बिघडली. बिघडली नव्हती, तो चार दिवसांचाच नियम. मजकूरात एक शब्द बदलून जतन केल्यावर पुढच्या मेलला उत्तर पुन्हा आलं.

नवं उत्तर पहिल्यांदा खरं वापरलं ते नोव्हेंबरात. तुळशीचं लग्न झालं की भाऊच्या घरची लग्नं सुरू होतात. गुरुवार 20 ला तो गेला, सोमवार 24 ला सकाळी 11 वाजता येणार होता. जाण्याआधी त्याने काकूंच्या टेबलावर दरपत्रक आणि अडकलेल्या बिलांची यादी ठेवली, आणि काकूंनी ती वाचल्याचं माझ्यासमोर कबूल करून घेतलं. शुक्रवारी एका जाहिरातदाराने बिलातली चूक कळवली. विषय जाहिरातीच्या दराचाच म्हणून तो थेट काकूंकडे गेला आणि दुपारपर्यंत सुधारलेलं बिल त्याला मिळालं. भाऊला हे आल्यावर कळलं.

पण तो सोमवारी आला नाही. लग्नघरी वडील आजारी पडले आणि परतणं बुधवारवर, 26 वर गेलं. रविवारी रात्री त्याने झाडाखाली उभं राहून मजकुरातली तारीख बदलली, `Last day` पुढे सरकवला आणि मला कळवलं, "ताई, अपडेट केलंय, सगळ्यांना जाईल."

तसं होत नाही. मजकूर बदलला की जीमेलचा चार दिवसांचा हिशेब नव्याने सुरू होतो खरा, पण नवं उत्तर मिळतं ते पुन्हा मेल करणाऱ्यालाच. ज्यांनी गुरुवारी-शुक्रवारी एकदा लिहिलं आणि 24 तारीख वाचून निवांत बसले, त्यांच्या हातात जुनीच तारीख राहते. तारीख जितकी स्पष्ट दिलेली, तितके ते तिच्यावर जास्त विसंबलेले. सोमवारी सकाळी काकूंनी भाऊकडून फोनवर अशांची नावं घेतली. सहा निघाली. अकरा वाजायच्या आत त्यांनी सहाही जणांना फोन केले. पाचवा फोन छापखान्याला होता. तिकडून विचारणा झाली, "आता कुठला सण?"